क्रेडिट कार्डच्या स्टेटमेंटमध्ये दोनदा कापलेली रक्कम, चुकीचा चलनदर आणि अनोळखी फी कशी ओळखायची

परदेशी चलनात खरेदी झाली की त्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये काहीतरी खटकतंच. बेरीज मनातल्या आकड्यापेक्षा जास्त येते, एखादी ओळ दोनदा दिसते, कुठेतरी न मागितलेली फी बसलेली असते. मग आपण कस्टमर केअरला फोन लावतो, वीस मिनिटं गाणं ऐकतो आणि ‘माझे पैसे जास्त कापलेत’ एवढंच सांगतो. पलीकडचा माणूस ‘सर, हे बरोबर आहे’ म्हणतो आणि फोन संपतो. तो खोटं बोलत असतोच असं नाही. कुठली ओळ का चुकीची आहे हे आपणच त्याला सांगितलेलं नसतं.

माझ्याच एका स्टेटमेंटमधल्या सहा ओळी खाली देतोय. माझं कार्ड युरोत चालतं, खर्च डॉलरमध्ये झाला होता. नावं काढून टाकलीत आणि दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, बाकी चित्र तेच आहे.

```
TXN     POST    DETAILS        FOREIGN       EUR
09 MAR  11 MAR  HOTEL          USD 420.00    385.56
09 MAR  12 MAR  HOTEL          USD 420.00    386.42
10 MAR  12 MAR  STORE                        141.75
10 MAR  13 MAR  INTL TXN FEE                   2.84
10 MAR  12 MAR  TICKETS        USD  80.00     73.44
20 MAR  20 MAR  INTEREST                       9.86
```

सहाच्या सहा ओळींवर मला शंका आली होती. खरी चूक दोनच ठिकाणी निघाली. त्या दोन कशा सापडल्या आणि बाकीच्या का सोडून द्याव्या लागल्या, ते क्रमाने सांगतो.

आधी दोन तारखा वाचा

प्रत्येक ओळीला दोन तारखा असतात. पहिली तुम्ही कार्ड लावलंत ती, दुसरी दुकानदाराच्या बँकेकडून मागणी येऊन रक्कम तुमच्या खात्यावर चढली ती. मधे एक ते तीन दिवस जातात, कधी जास्तही. चलनाचा दर साधारणपणे या मधल्या काळात, व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कमधून पुढे सरकतो तेव्हा लागतो. त्यामुळे ‘त्या दिवशी गूगलवर दर वेगळा होता’ हा मुद्दा बँकेपुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅपची. अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’ दिसणारी ओळ म्हणजे नुसता होल्ड असतो, पैसे अडवून ठेवलेले असतात, घेतलेले नसतात. हॉटेल चेक-इनला ५०० डॉलर अडवतं, निघताना ४२० घेतं. काही दिवस दोन्ही आकडे अ‍ॅपमध्ये शेजारी दिसतात आणि पोटात गोळा येतो. होल्ड आपोआप सुटतो, हॉटेल आणि गाडी भाड्याच्या बाबतीत जरा सावकाश. तोवर कार्डाची मर्यादा तेवढी कमी दिसते, पण ती रक्कम स्टेटमेंटमध्ये येत नाही. म्हणून दोनदा कापल्याचा संशय कायम स्टेटमेंटवर तपासावा, अ‍ॅपच्या यादीवर नाही.

दोनदा कापलेली रक्कम

माझ्या हॉटेलच्या दोन ओळी बघा. ३८५.५६ आणि ३८६.४२. आकडे सारखे नाहीत, म्हणून पहिल्या वाचनात मी त्यांच्यावरून सरळ पुढे गेलो. परदेशी खर्चात दोनदा कापलेली रक्कम अशीच निसटते. दुसरी मागणी एक दिवस उशिरा पोहोचली, तोवर बँकेची फी सोडून निव्वळ दर ०.९०० वरून ०.९०२ झाला, आणि युरोतले आकडे वेगळे पडले. परकीय चलनाच्या रकान्यात मात्र दोन्हीकडे ४२०.०० आहे. जुळवायचा तो रकाना.

स्टेटमेंट मोठं असेल तर त्याची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी फाइल, उतरवून घ्या आणि एका रिकाम्या रकान्यात परकीय रकमेसाठी हे सूत्र लिहून शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. इथे D मध्ये परकीय रक्कम आहे असं धरलंय:

```
=COUNTIF(D:D,D2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की ती ओळ डोळ्यांनी बघायची. जे व्यवहार कार्डाच्याच चलनात आहेत त्यांच्यासाठी हेच सूत्र शेवटच्या रकान्यावर. दुकानाच्या नावावर जुळवायला जाऊ नका. एकच दुकान एकदा स्वतःच्या नावाने येतं, एकदा मूळ कंपनीच्या नावाने, तर कधी पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचं नाव, मग ‘*’ असं चिन्ह आणि मग दुकानाच्या नावाची पहिली काही अक्षरं.

जुळलेली प्रत्येक जोडी म्हणजे चूक नव्हे. दर तीस दिवसांनी पैसे घेणारं सबस्क्रिप्शन एकतीस दिवसांच्या महिन्यात १ तारखेला आणि ३१ तारखेला असं दोनदा येऊ शकतं. मी एकदा यावरून एका कंपनीशी तावातावाने भांडलो आहे, आणि तोंडघशी पडलो आहे. एकाच ऑर्डरमधला माल दोन पार्सलांत निघाला की दोन रकमा येतात, पण त्यांची बेरीज ऑर्डरएवढी भरते.

जोडी संशयास्पद वाटली की बँकेकडून दोन गोष्टी मागायच्या. पहिली ऑथरायझेशन कोड, म्हणजे कार्ड लावल्यावर बँकेने ‘चालेल’ म्हणून दिलेला सहा अक्षरी क्रमांक. तो बहुतेक वेळा छापील पावतीवरही असतो. दुसरी ‘एआरएन’, हा दुकानदाराच्या बँकेने पाठवलेल्या प्रत्येक मागणीचा तेवीस आकडी क्रमांक.

माझ्या दोन्ही ओळींचा ऑथरायझेशन कोड एकच होता आणि एआरएन वेगवेगळे. म्हणजे कार्ड मी एकदाच लावलं, बँकेने परवानगी एकदाच दिली, आणि हॉटेलच्या बाजूने मागणी मात्र दोनदा आली. याहून स्वच्छ पुरावा मिळत नाही. दिवसाचे व्यवहार मशीनमधून दोनदा पाठवले गेले की असं होतं. हॉटेलवाल्यालाही ते कळलेलं नव्हतं. बिचाऱ्याने त्या दिवशी आणखी किती जणांचे दोनदा घेतले असतील देव जाणे.

दोन ओळींचे ऑथरायझेशन कोड वेगळे असतील तर प्रकरण निराळं. मग कार्ड खरंच दोनदा लागलेलं असतं. मशीनने ‘डिक्लाइन्ड’ दाखवलं म्हणून पुन्हा टॅप केलं, आणि पहिलाही पोहोचलेला होता, असं नेहमी घडतं. अशा वेळी दुकानदाराने त्याच्या नोंदीत विक्री एकच आहे हे तपासून सांगावं लागतं, आणि तुमच्याकडची एकच पावती हा तुमचा आधार. ‘डिक्लाइन्ड’ लिहिलेली ती चिठ्ठी आपण तिथेच चुरगाळून टाकतो. तीच खरी जपायची.

चलनाचा दर

इथे एकच भागाकार लागतो. युरोतली रक्कम भागिले परकीय रक्कम. पहिल्या ओळीत ३८५.५६ भागिले ४२०, म्हणजे ०.९१८. हा तुम्हाला प्रत्यक्ष पडलेला दर.

आता तो कशाशी ताडायचा? गूगलच्या दराशी नाही, तुमच्या कार्डावर ज्या नेटवर्कचं चिन्ह आहे त्याच्या दराशी. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर तारखेनुसार दर काढून देणारी सोय आहे. तिथे बँकेच्या फीची चौकट असते, तिच्यात शून्य टाका म्हणजे निव्वळ दर मिळतो. व्यवहाराच्या तारखेपासून पोस्टिंगच्या तारखेपर्यंत एकेक दिवस टाकून बघा. माझ्या बाबतीत निव्वळ दर ०.९० होता. ०.९१८ भागिले ०.९० म्हणजे १.०२. याचा अर्थ वर दोन टक्के लागलेत. कार्डाच्या शुल्कपत्रकात परकीय चलनाची फी दोन टक्केच लिहिलेली होती, म्हणून पहिली ओळ बिनचूक.

ही १.०२ सारखी संख्या एकदा कळली की बाकीच्या ओळी आपोआप बोलू लागतात. कुठे १.०२ च्या जागी १.०७ आलं तर काहीतरी झालंय. आणि संख्या अगदीच वेडीवाकडी आली तर चलनच चुकलंय.

तिकिटांच्या ओळीत मात्र संख्या सरळ येऊनही चलन चुकलं होतं. ७३.४४ भागिले ८० म्हणजे पुन्हा ०.९१८. हिशेब चोख, म्हणून बँकेचा माणूस म्हणाला की दर बरोबर आहे. तो खरंच बरोबर होता. पण मी तिकिटं काढली होती ती कॅनडातल्या कार्यक्रमाची, आणि पुष्टीच्या ईमेलमध्ये ‘CAD 80.00’ असं स्पष्ट होतं. स्टेटमेंटमध्ये ‘USD 80.00’. डॉलर या चिन्हाखाली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग असे कितीतरी देश राहतात, आणि विकणाऱ्याच्या व्यवस्थेत कुणीतरी चलन भलतंच निवडून ठेवलं होतं. कॅनडाच्या डॉलरचा दर ०.६६ धरला तर रक्कम ५२.८० आणि वर दोन टक्के, एकूण ५३.८६ व्हायला हवी होती. कापले ७३.४४. फरक १९.५८ युरोंचा.

म्हणून परकीय रकान्यातला आकडा बघून थांबू नका, त्याच्या आधीची तीन अक्षरंही पावतीशी जुळवा. पावतीवर नुसतं ‘$’ असेल तर विकणाऱ्याला विचारून घ्या, कारण त्या चिन्हाच्या जोरावर तक्रार उभी राहत नाही.

एक दुर्मीळ पण मोठा प्रकार सांगून ठेवतो. जपानी येनमध्ये पैशाची दोन स्थानं नसतात आणि कुवेती दिनारमध्ये तीन असतात. दशांश चिन्ह सरकलं की रक्कम शंभरपट किंवा दहापट होते. तो फरक भागाकार न करताही दिसतो, त्यामुळे त्याची फार काळजी नको.

आता दुकानाची ओळ, १४१.७५. हिच्यात परकीय रकाना रिकामा आहे. खरेदी तर डॉलरमध्येच झाली होती, दीडशे डॉलरची. मग हे युरो कुठून आले? दुकानातल्या मशीनने विचारलं होतं, ‘डॉलरमध्ये देणार की युरोमध्ये?’ आणि मी आपलं ओळखीचं चलन बघून युरो दाबलं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. इथे दर नेटवर्क लावत नाही, दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते, आणि त्यात स्वतःचा नफा घालते. १५० चे ०.९० दराने १३५ होतात. मला पडले १४१.७५, म्हणजे पाच टक्के जास्त. आणि एवढ्यावर भागलं नाही. व्यवहार युरोत झाला तरी दुकान परदेशातलं, म्हणून माझ्या बँकेने त्याच्यावर दोन टक्के वेगळे लावले. ती खालची २.८४ ची ओळ. सगळ्या बँका ही फी लावत नाहीत, माझी लावते, आणि शुल्कपत्रकात तसं लिहिलेलं आहे. एकूण १४४.५९ गेले. डॉलर दाबलं असतं तर १३७.७० गेले असते.

हे परत मिळतं का? तुम्हाला पर्याय विचारलाच नाही आणि दुकानदाराने परस्पर तुमच्या चलनात रूपांतर केलं, तर चुकीच्या चलनाची तक्रार होऊ शकते. पावतीवर मूळ रक्कम, लावलेला दर आणि ‘मला पर्याय दिला होता’ अशा अर्थाचं एक वाक्य छापलेलं असतं. त्याखाली तुमची सही किंवा पिन असेल तर प्रकरण संपलं. माझ्या पावतीवर ते होतं. गप्प बसलो.

फी आणि व्याज

शेवटची ओळ, ९.८६ व्याज, हिने मला सगळ्यात जास्त चिडवलं. मार्चचं बिल यायच्या आधी मी मागचं सगळं फेडलेलं होतं, बाकी शून्य. मग व्याज कशाचं?

ते मागच्या महिन्याचं शेपूट होतं. फेब्रुवारीत १००० युरो थकले होते. बिल निघालं आणि मी पंधरा दिवसांनी पूर्ण भरले. पण व्याज दिवसागणिक चढतं आणि बिल निघालेल्या दिवसापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचे ते पंधरा दिवस त्या बिलात मोजलेलेच नव्हते. वार्षिक २४ टक्क्यांनी १००० वर पंधरा दिवसांचं व्याज ९.८६ होतं. ते पुढच्या बिलात आलं. हिशेब जुळला, म्हणजे चूक नाही.

यातून एक खूण मिळते. थकबाकी पूर्ण फेडल्यावर एकदा व्याज येणं समजण्यासारखं आहे. लागोपाठ दोन बिलं पूर्ण आणि वेळेत भरूनही व्याज आलं तर मात्र बँकेला कोणत्या रकमेवर, किती दिवसांचं, कोणत्या दराने हे लेखी विचारा. बहुतेक वेळा कुठेतरी काही सेंट बाकी राहिलेले असतात. अनेक कार्डांत बिलातला छोटासा भाग जरी राहिला तरी बिनव्याजी मुदतच जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज बसतं.

दुसरी अनाकलनीय फी म्हणजे रोख उचलीची. एटीएमकडे तुम्ही गेलेलाच नसता, तरी ‘कॅश अ‍ॅडव्हान्स’ची ओळ दिसते. कारण वॉलेटमध्ये पैसे भरणं, परकीय चलन विकत घेणं, पैसे पाठवणं या गोष्टी बऱ्याच बँका रोखीतच धरतात. प्रत्येक विक्रेत्याला चार आकडी वर्गक्रमांक असतो आणि बँक तो बघून ठरवते. ६०५१ हा रोखीसमान व्यवहारांचा, ४८२९ पैसे पाठवण्याचा. अशी ओळ दिसली की बँकेला या व्यवहाराचा वर्गक्रमांक विचारा. क्रमांक विक्रेत्याला चुकून लागलेला असेल, म्हणजे साधं दुकान आणि क्रमांक ६०५१, तर फी परत मागायला जागा आहे.

तक्रार कशी टाकायची

कस्टमर केअरवर ‘हा व्यवहार माझा नाही’ असं चुकूनही म्हणू नका. ते वाक्य उच्चारलं की तुमचं प्रकरण फसवणुकीच्या खात्यात जातं, कार्ड बंद होतं, नवीन कार्ड येईपर्यंत थांबावं लागतं, आणि दोनदा कापलेली रक्कम तिथल्या चौकशीत बसतच नाही. कारण पहिला व्यवहार तुमचाच असतो. त्याऐवजी ‘व्यवहार माझा आहे, पण एकाच खरेदीची मागणी दोनदा आली आहे’ असं म्हणा. चलनासाठी ‘रक्कम मान्य आहे, चलन चुकीचं लावलं आहे’. या दोन्हींसाठी नेटवर्कच्या नियमांत वेगळी कारणं आहेत आणि बँकेच्या माणसाला नेमकं तेच निवडायचं असतं. व्हिसाच्या यादीत दोनदा कापलेल्या रकमेचं कारण १२.६.१ आहे, चुकीच्या चलनाचं १२.३.

मी हॉटेलसाठी लिहिलेला मजकूर एवढाच होता: ‘९ मार्चची एकच खरेदी, ४२० डॉलर. ११ आणि १२ मार्चला दोनदा नोंद. दोन्हींचा ऑथरायझेशन कोड एकच, एआरएन वेगळे. पावती एक, सोबत जोडली आहे. १२ मार्चची नोंद रद्द करावी.’ रागाचा एक शब्द नाही, सहलीची कहाणी नाही.

आधी विक्रेत्याला लिहा, चार-पाच दिवस वाट बघा, मग बँकेकडे जा. पण फार वाट बघू नका. नेटवर्कच्या मुदती कारणानुसार साधारण ९० ते १२० दिवसांच्या असतात, आणि बँकेची तुमच्यासाठीची मुदत त्याहून कमी असू शकते. अमेरिकेतला कायदा स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस देतो. वादातली रक्कम बाजूला ठेवता येते का हे बँकेला लेखी विचारा, आणि बाकीचं बिल वेळेवर भरा, नाहीतर वर सांगितलेलं शेपूट पुन्हा लागेल. बँकेने चौकशी चालू असताना तात्पुरते पैसे जमा केले तर ते खर्चात धरू नका. विक्रेत्याने पुरावा दिला तर ते परत काढले जातात.

तिकिटवाल्याने आपली चूक मान्य करून १९.५८ युरोंएवढे पैसे आठवड्याभरात परत केले. हॉटेलने दुसरी मागणी रद्द करण्याऐवजी ४२० डॉलरचा रिफंड पाठवला, आणि त्यात नवीनच गंमत झाली. रिफंड त्या दिवशीच्या दराने, ०.८९५ ने आला, म्हणजे ३७५.९० युरो. गेले होते ३८६.४२. फरक १०.५२ युरोंचा. त्यातले ७.५८ हे बँकेने मूळ व्यवहारावर घेतलेले दोन टक्के, रिफंडबरोबर ते आपोआप परत येत नाहीत. बँकेला वेगळी ओळ लिहून मागितले, तीन दिवसांत मिळाले. उरलेले २.९४ नुसते दर हलल्याचे. त्यासाठी हॉटेलला एक ईमेल टाकला, उत्तर आलं नाही, आणि मी ते सोडून दिले.